दापोलीजवळ वाडीत कॉटेज: दोन बांधू की तीन? महिन्यावार हिशोब तपासून हवा

आगरातला:
नमस्कार मंडळी. दापोली तालुक्यात हर्णैच्या रस्त्यापासून थोडं आत आमची दोन एकरांची वाडी आहे. सुपारी, नारळ, थोडे हापूस. आईबाबा तिथेच राहतात, मी पुढच्या वर्षी नोकरी सोडून गावी येतोय. घराच्या मागच्या अंगाला पाहुण्यांसाठी तीन कॉटेज बांधायचा विचार आहे. जांभ्या चिऱ्याच्या भिंती, वर मंगलोरी कौलं. गवंड्याने एका कॉटेजचे ११ लाख सांगितलेत. सेप्टिक टँक, पाण्याची जादा टाकी, पाखाडी, सोलर हीटर असा सामाईक खर्च ७ लाख. म्हणजे एकूण ४० लाख.

माझा हिशोब असा. वर्षाची सरासरी ऑक्युपन्सी ४० टक्के धरली तर तीन कॉटेजच्या मिळून ४३८ रात्री होतात. जेवणखाण, धुलाई, वीज, बुकिंगवाल्यांचं कमिशन वजा जाता रात्रीमागे २,५०० सुटतील, म्हणजे जवळपास ११ लाख. त्यातून गड्याचा पगार वगैरे पावणेचार लाख गेले तरी सात लाख उरतात. साडेपाच-सहा वर्षांत पैसे वसूल. यात काय राहून गेलंय ते सांगा. तीन बांधू की दोन, हा खरा प्रश्न आहे.

गणितगजा:
नुसतं ‘किती वर्षांत वसूल’ बघू नका. सातव्या वर्षी येणारा रुपया आजच्या रुपयाएवढा नसतो. कर्ज ११-१२ टक्क्यांनी मिळत असेल तर १२ टक्के दर धरा, म्हणजे महिन्याला १ टक्का. दर महिन्याची शिल्लक त्याने आजच्या किमतीत आणा आणि बेरीज ४० लाखांच्या वर जाते का बघा. खोलीचं भाडं २० वर्षं आजचंच ठेवा, म्हणजे अंदाज सुरक्षित राहील.

काजवा_ताई:
आमचं भंडारदऱ्याला होमस्टे आहे. पावसाळ्यात अजिबात चिंता करू नका, तेव्हाच तर धंदा! मेअखेरीला काजव्यांपासून गर्दी सुरू होते ती धबधबे संपेपर्यंत. शनिवार-रविवार आमच्याकडे अंगणातही जागा नसते. एप्रिलमध्ये मात्र शुकशुकाट. तीनऐवजी चार बांधा म्हणेन मी. आणि कृषी पर्यटन केंद्राची नोंदणी केलीत का?

आगरातला:
ताई, नोंदणीचं बघतोय, धन्यवाद. पण आमच्याकडे नेमकं उलटं आहे. जूनला समुद्र खवळला की माणूस फिरकत नाही, आणि मे महिन्यात खोली मागायला ओळखी काढून फोन येतात.

चिरेबंदी:
बरीच वर्षं बँकेत पर्यटनाच्या कर्जप्रकरणांची छाननी केली आहे, त्यावरून सांगतो. तुमच्या हिशोबातली सगळी अडचण ‘सरासरी ४० टक्के’ या एका आकड्यात आहे. कोकणात सरासरी महिना असा कुठला नसतोच. मे भरून वाहतो, जुलै रिकामा जातो. मेमध्ये खोल्या कमी पडल्या म्हणून नाकारलेला पाहुणा जुलैत येत नाही, आणि जुलैत गड्याचा पगार काही थांबत नाही. त्यामुळे बारा महिने वेगळे मांडायलाच हवेत.

दुसरं म्हणजे तीन कॉटेज हा एक प्रकल्प नाही, तीन प्रकल्प आहेत. तिसरी कॉटेज फक्त त्याच रात्री कमावते ज्या रात्री पहिल्या दोन भरलेल्या असतात. तिचे ११ लाख तेवढ्याच रात्रींतून फिटायला हवेत.

जवळपास कुणाचं चालू होमस्टे आहे का, ज्याचं रजिस्टर बघायला मिळेल? असेल तर महिन्यावार तीन गोष्टी मोजा. किती रात्री निदान एक खोली भरली, किती रात्री निदान दोन, आणि किती रात्री तिन्ही. टक्के काढू नका, रात्री मोजा.

आगरातला:
मामेभावाचं शेजारच्या गावात तीन खोल्यांचं आहे, सहा वर्षं झाली. काल त्याच्याकडे बसून मागच्या दोन वर्षांचं रजिस्टर मोजलं. दोन्ही वर्षांची सरासरी देतोय. पहिला आकडा निदान एक खोली, दुसरा निदान दोन, तिसरा तिन्ही.

ऑक्टोबर १०, ६, २
नोव्हेंबर १४, १०, ६
डिसेंबर १८, १३, ८
जानेवारी १०, ६, २
फेब्रुवारी ८, ४, १
मार्च ६, ३, ०
एप्रिल १२, ८, ४
मे २५, २१, १४
जून ५, २, ०
जुलै ४, १, ०
ऑगस्ट ५, २, ०
सप्टेंबर ४, १, ०

त्याला रात्रीमागे मे, नोव्हेंबर, डिसेंबरमध्ये २,८०० सुटतात, पावसाळ्यात १,४००, बाकी महिन्यांत २,२००. मेमध्ये विहीर तळाला जाते, त्या टँकरचे पैसे त्याने यातून आधीच वजा केलेत. गडी, इंटरनेट, विजेचा किमान आकार मिळून महिन्याला १४,०००, पाहुणे असोत-नसोत. शिवाय पावसाआधी शाकारणी, रंग, वाळवीचं औषध यासाठी खोलीमागे वर्षाला १५,०००, ते मेअखेरीस जातात.

तिन्ही मिळून २३५ रात्री होतात. म्हणजे ४० टक्के सोडाच, २१-२२ टक्केच.

चिरेबंदी:
याहून चांगली माहिती मिळणं कठीण आहे. मामेभावाला माझ्याकडून धन्यवाद सांगा.

पहिली कॉटेज वर्षाला १२१ रात्री, दुसरी ७७, तिसरी ३७. आणि तिसरीच्या ३७ पैकी २८ रात्री एकट्या मे, नोव्हेंबर आणि डिसेंबरच्या आहेत.

आधी दोन कॉटेजचं बघू. मेमध्ये ४६ रात्रींचे १,२८,८०० येतात. त्यातून महिन्याचे १४,००० आणि दोन्ही खोल्यांच्या शाकारणीचे ३०,००० गेले की ८४,८०० उरतात. जुलैमध्ये पाच रात्रींचे ७,००० आणि खर्च १४,०००, म्हणजे ७,००० खिशातून. असे बारा महिने मांडले की वर्षाला २,७९,००० उरतात. जून ते सप्टेंबर चारही महिने वजाबाकीत आहेत.

आता दर. गजाभाऊ १२ टक्के म्हणतात ते ठीक आहे, पण तो दर महागाईसकट आहे. वर मांडलेले सगळे आकडे मात्र आजच्या भावाचे आहेत. महागाई ५ टक्के धरली तर १.१२ ला १.०५ ने भागा, ६.६७ टक्के येतात. आजच्या भावातल्या रकमांना हा दर लावायचा. शीटमध्ये पहिली ओळ महिन्याच्या दराची, दुसरी एकूण किमतीची. C2 पासून २० वर्षांचे २४० महिने, पहिला महिना ऑक्टोबर:

```
B1: =(1+6.67%)^(1/12)-1
B2: =NPV(B1,C2:C241)
```

दोन कॉटेजच्या २० वर्षांच्या शिलकीची आजची किंमत ३१.६ लाख येते. खर्च २९ लाख. दहाव्या वर्षी गाद्या, नळ-फिटिंग, वायरिंग, कुजलेले वासे-रीपा यांना खोलीमागे दीड लाख धरा. दोन्हीचे मिळून तीन लाख, आजच्या किमतीत १.६ लाख. हाती उरतो एक लाख. म्हणजे जेमतेम.

तिसरी कॉटेज: तिच्या शिलकीची आजची किंमत ९.४ लाख, दहाव्या वर्षाची डागडुजी वजा जाता ८.६ लाख. ती बांधायला ११ लाख. या रजिस्टरवर तरी ती बसत नाही.

वीसच वर्षं का, तर चिरा पन्नास वर्षंही टिकेल, पण पाहुण्याकडून पैसे घेण्याजोगी खोली त्या अवस्थेत तितकी राहत नाही. खाऱ्या हवेत लोखंड आणि कौलाखालचं लाकूड आधी जातं. विसाव्या वर्षी विक्रीची किंमत मी शून्य धरली आहे, कारण वाडीच्या मधोमध असलेली खोली वेगळी विकता येत नाही. जमीन तुमची कॉटेज न बांधताही आहेच, तिची वाढलेली किंमत यात मिळवू नका.

गणितगजा:
पण मी तुमचेच महिन्यावार आकडे महिना १ टक्क्याने केले तर साडेएकवीस लाखांच्या आसपास येतात. २९ लाख घालून साडेएकवीस, म्हणजे सरळ तोटा. तुम्ही दर निम्मा करून प्रकल्प नफ्यात आणलात असं वाटतं. आणि महिन्यावार कशाला, वर्षाची शिल्लक वर्षअखेरीस धरली तर काय बिघडतं?

चिरेबंदी:
तुमच्या आकड्यात दोन वेगळ्या गोष्टी आहेत. महिना १ टक्का चक्रवाढीने वर्षाला १२.६८ होतो. खरा १२ टक्के लावला तर २२.४ लाख येतात. हा फरक लहान आहे.

मोठा फरक भाडं २० वर्षं गोठवण्याचा आहे. बँकेच्या १२ टक्क्यांत महागाईची भरपाई आधीच आहे. भाडं आजचं ठेवून तो दर लावला, तर खोली विसाव्या वर्षीही आजच्याच भावात जाईल असं तुम्ही मानताय. एकतर भाडं, पगार, शाकारणी सगळं वर्षाला ५ टक्के या वेगाने महिन्यागणिक वाढवा आणि १२ लावा, नाहीतर सगळं आजच्या भावात ठेवा आणि ६.६७ लावा. दोन्हीकडून उत्तर तेच येतं, करून बघा. भाडं महागाईइतकं वाढणार नाही अशी भीती रास्त आहे, पण मग ती भाड्याच्या ओळीत दाखवा. दरात लपवली की ती नेमकी किती धरली हे कळत नाही.

महिने का, तर वर्षअखेरीच्या पद्धतीने हेच दोन कॉटेजचं उत्तर ३०.३ लाख येतं. खर्च वजा केला की प्रकल्प किंचित तोट्यात दिसतो. खरं तर ऑक्टोबरात सुरू केलं तर दिवाळी आणि डिसेंबरचा पैसा पहिल्या तीन महिन्यांतच हातात असतो. तेच बांधकाम रखडून जूनमध्ये उघडलं, तर आधी चार कोरडे महिने आणि मे थेट बाराव्या महिन्यात. त्यात ८०-८५ हजारांचा फरक पडतो. आगरातले, गवंड्याशी बोलताना सप्टेंबरअखेरची तारीख लिहून घ्या आणि शेवटचा हप्ता तिच्याशी बांधा. शिमग्याला आणि गणपतीत कोकणात गवंडी-सुतार कामावर नसतात, ते दिवस धरूनच.

परसदार:
दादा, सगळे आकडे वाचले. एक ओळ कुठेच दिसली नाही. स्वयंपाक कोण करणार?

आगरातला:
सध्या तरी आई. तिच्या हातच्या मोदकांसाठी आणि कुळथाच्या पिठल्यासाठीच लोक परत येतील. तिची तयारी आहे.

परसदार:
तयारी आहे हे खरंच असेल. पण मेमध्ये २५ रात्री पाहुणे, त्याच महिन्यात आंब्याची काढणी, अढी लावणं, पेट्या भरणं. घरचे पाहुणे वेगळे. माझ्या सासरी हेच झालं. सासूबाईंचं गुडघ्याचं दुखणं वाढलं आणि चौथ्या वर्षी ऐन हंगामात जेवण बंद ठेवावं लागलं. जेवण बंद झालं तसे पाहुणेही कमी झाले. आईला पगार द्या किंवा देऊ नका, हिशोबात मात्र बाईचा पगार धरा. ती खोली वीस वर्षं चालणार म्हणताय, मग आईनेही वीस वर्षं चुलीपुढे उभं राहायचं का?

चिरेबंदी:
परसदार ताईंचा मुद्दा माझ्या मांडणीत यायलाच हवा होता इतका महत्त्वाचा आहे. ऑक्टोबर ते डिसेंबर आणि एप्रिल-मे असे पाचच महिने बाई ठेवली, महिना ९,००० धरले, तरी वर्षाला ४५,००० होतात. वीस वर्षांची आजची किंमत ५.१ लाख. दोन कॉटेजचा एक लाखाचा फायदा त्यात कुठल्या कुठे जातो.

शिवाय अजून एक वजाबाकी आहे. मामेभावाचं रजिस्टर सहा वर्षं मुरलेल्या धंद्याचं आहे. तुमच्याकडे पहिल्या वर्षी त्याच्या निम्म्या रात्री आणि दुसऱ्या वर्षी पाऊण धरा. त्यात आजच्या किमतीत ३.४ लाख जातात. सुरुवातीच्या वर्षांचा तोटा सगळ्यात महाग पडतो, कारण त्यावर डिस्काउंटची सूट जवळजवळ नसते.

तीन_बिऱ्हाडं:
पुण्याहून आम्ही तीन कुटुंबं मिळून जातो, त्यामुळे पाहुण्याच्या बाजूने बोलतो. दोन खोल्यांच्या जागी आम्ही चौकशीच करत नाही. तिसरी खोली ३७ रात्रीच भरते म्हणून ती तोट्यात, असं म्हणताना एक गोष्ट सुटते. त्या ३७ रात्रींतल्या बऱ्याच रात्री पहिल्या दोन खोल्याही आमच्यासारख्यांनीच भरल्या असतील. तिसरी नसेल तर त्याही जातील.

चिरेबंदी:
हे बरोबर आहे, आणि रजिस्टरमधूनच तपासता येईल. ज्या रात्री तिन्ही भरल्या, त्यातल्या किती एकाच नावाच्या बुकिंगच्या होत्या? मेमधल्या बहुतेक गेल्या तरी दुसरे दोन पाहुणे सहज मिळतील, तेव्हा त्या मोजू नका. नोव्हेंबर ते जानेवारीतल्या मोजा. तिथे गट गेला तर खोल्या रिकाम्या राहण्याचा धोका खरा आहे. त्या रात्रींचं पहिल्या दोन खोल्यांचं उत्पन्नही तिसरीच्या खात्यात जमा करायचं. तिसरीला आजच्या किमतीत २.४ लाख कमी पडताहेत, म्हणजे वर्षाला २१-२२ हजार. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये दोन खोल्यांच्या एका रात्रीचे ५,६०० सुटतात. वर्षाला अशा चार रात्री निघाल्या तर तिसरी काठावर येते.

आगरातला:
मामेभावाला फोन केला. रजिस्टरमध्ये नाव एका माणसाचं असतं, पण प्रत्येक खोलीची नोंद वेगळी, आणि गट कुठला ते त्याने लिहिलेलं नाही. डिसेंबरचे दोन-तीन गट त्याला आठवतात, पण नक्की सांगता येत नाही म्हणाला.

दुसरा पर्याय सुचतोय. जुन्या घराची उत्तरेकडची पडवी रिकामीच आहे. तिला संडास-बाथरूम जोडून एक खोली चार लाखांत होईल, असं त्याच गवंड्याने सांगितलं. म्हणजे एक कॉटेज आणि एक पडवीची खोली. भाडं अर्थात कमी मिळेल.

चिरेबंदी:
पडवीच्या खोलीला २० टक्के कमी सुटतील असं धरून केलं. गुंतवणूक २२ लाखांवर येते. २० वर्षांची आजची किंमत २७.३ लाख. त्यातून डागडुजी १.६ आणि सुरुवातीच्या दोन वर्षांची तूट ३.१ वजा केली की साठेक हजार उरतात. परसदार ताईंची बाई त्यात धरली तर साडेचार लाखांचा खड्डा. तो भरायला प्रत्येक रात्रीमागे सव्वादोनशे रुपये जास्त मिळायला हवेत. मोदकांच्या जेवणाचं वेगळं ताट लावून ते मिळणं अशक्य नाही, पण ते मामेभावाच्या भावावर मिळत नाही हे लक्षात ठेवा. कमिशन वाचवून मिळतील का तेही बघा. जुने पाहुणे थेट फोनवर बुकिंग करू लागले की तिथे रात्रीमागे दोनशेच्या वर सहज सुटतात.

आणि मे महिन्याची एक परीक्षा करून ठेवा. २०२० मध्ये टाळेबंदीत अख्खा मे गेला, ३ जूनला निसर्ग वादळ आलं. पुढच्या वर्षी मेमध्ये पुन्हा निर्बंध आणि तौक्ते. दोन कॉटेजच्या हिशोबात एका मेचे १,२८,८०० म्हणजे वर्षाच्या शिलकीचा जवळजवळ निम्मा भाग. वीस वर्षांत असे दोन मे बुडाले तर आजच्या किमतीत सव्वा ते दीड लाख जातात. पडवीच्या पर्यायाला एवढा धक्का सोसायची ताकद नाही.

गणितगजा:
भाडं वाढवून १२ टक्क्यांनी करून बघितलं, उत्तर खरंच तेच आलं. पण आता मला वाटतं की पैसा कर्जाचा नसून स्वतःच्या पीएफचा असेल, तर त्याला १२ टक्के अपेक्षा ठेवणं जास्त आहे. मुदत ठेवीच्या आसपासचा दर लावला तर दोन कॉटेजही बसतील.

चिरेबंदी:
बसतील, पण मुदत ठेवीत वादळ येत नाही. ज्या पैशाचा एक मे गेला की निम्मं वर्ष जातं, त्याला ठेवीचा दर लावणं मला पटत नाही. यावर आपलं एकमत होईल असं दिसत नाही, आगरातल्यांनी दोन्ही दरांनी शीट करून ठेवावी.

आगरातला:
दोन्ही करतो. तूर्तास ठरवलंय ते असं. यंदा ऑक्टोबरपर्यंत फक्त पडवीची खोली. चार लाख अधिक सेप्टिक टँक, पण टँक तीन खोल्यांच्या मापाचाच, पुन्हा खणायला नको. स्वयंपाकाला वाडीतल्याच एका बाईंशी बोललोय, पाच महिन्यांसाठी. मामेभावाने नवीन रजिस्टर सुरू केलंय, त्यात गटाचं बुकिंग वेगळ्या रकान्यात लिहिणार. आणि जागा नाही म्हणून आम्ही दोघांनी किती फोन नाकारले, कुठल्या तारखांचे, तेही लिहिणार आहोत. पुढच्या जूनमध्ये ते आकडे इथेच टाकतो. कॉटेजचं तेव्हा बघू.

तीन_बिऱ्हाडं:
नाकारलेल्या फोनच्या नोंदीत ‘किती खोल्या मागितल्या’ हा रकानाही ठेवा. आमच्यासारखे लोक दोन खोल्या म्हटल्यावर फोन ठेवतात, आणि तो नकार रजिस्टरमध्ये कधीच उमटत नाही.